पीडीएफ फॉर्म मराठीत आणताना: दिसणारं लेबल आणि त्यावरचा रकाना

हा फॉर्म माझ्याकडे आला तेव्हा तो एकदा मराठीत झालेला होता. मुलांच्या निवासी शिबिराचा चार पानी फॉर्म, मूळ इंग्रजी, संगणकावर भरायचा. आधीच्या अनुवादकाने पीडीएफ वर्डमध्ये उघडली, मजकूर मराठी केला आणि पुन्हा पीडीएफ करून दिली. दिसायला छान होती. पण नावाच्या जागी क्लिक केलं तर कर्सर येत नव्हता, कारण तिथे आता नुसती रेघ होती. 'होय' आणि 'नाही'च्या चौकटी म्हणजे मजकुरात टाइप केलेलं चौकोनाचं चिन्ह. कितीही क्लिक करा, खूण होत नव्हती. आयोजकांनी विचारलं, "भाषांतर तेच ठेवून चौकटी परत चालू करता येतील का?"

अनुवादाचं काम मी बरीच वर्षं करते आहे, पण भरता येणारा फॉर्म पहिल्यांदाच हातात घेतला होता. म्हणून आधी मूळ इंग्रजी फाइल अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये `Prepare Form`मध्ये उघडून नुसती पाहत बसले. तिथे एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं राहिलं. पानावर दिसणारा 'First name' हा मजकूर आणि त्याच्या शेजारचा भरायचा रकाना यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. मजकूर पानावर छापलेला असतो आणि रकाना त्या पानावर वरून ठेवलेला असतो, काचेवर चिकटवलेल्या पट्टीसारखा. रकान्याला आपण कोणत्या शब्दाशेजारी आहोत हे माहीत नसतं. त्याला स्वतःचं आतलं नाव असतं, इथे `first_name`, आणि भरलेली माहिती त्या नावाखाली साठते.

याचा चांगला भाग असा की खालचं पान बदललं तरी वरचे रकाने शाबूत राहू शकतात. मी चारही पानं नव्याने मराठीत मांडली. पानाचा आकार आणि समास तेच ठेवले, प्रत्येक प्रश्न मूळ जागीच ठेवला आणि त्यांची साधी, रकाने नसलेली पीडीएफ बनवली. मग मूळ इंग्रजी फॉर्मची प्रत उघडून `Organize Pages`मध्ये `Replace` वापरलं. ही सोय पानाचा मजकूर आणि चित्रं बदलते, पण त्या पानावरचे दुवे आणि फॉर्मचे रकाने जिथल्या तिथे ठेवते. दहा मिनिटांत मराठी पानांवर सगळे ६३ रकाने जिवंत दिसू लागले. आता चार रकाने जरा सरकवले की झालं, असं त्या दिवशी मला वाटलं होतं.

पहिला धक्का तिसऱ्या पानावर बसला. तिथे मुलाला शिबिरातून कोण घेऊन जाणार याचं संमतीचं वाक्य होतं आणि त्या वाक्यातच तीन रिकाम्या जागा होत्या. इंग्रजीत त्यांचा क्रम पालक, नेणारी व्यक्ती, तारीख असा. रकान्यांची नावं त्याच क्रमाने `parent_name`, `pickup_name`, `pickup_until`. मी मराठी वाक्य असं केलं होतं: "मी, ______, दिनांक ______ पर्यंत माझ्या पाल्याला शिबिरातून नेण्याची परवानगी ______ यांना देत आहे." वाक्य सरळ आहे. पण मराठीत क्रियापद शेवटी जातं, तसा इथे तारखेचा आणि व्यक्तीचा क्रम उलटला होता. पानावर दुसरी जागा आता तारखेची होती, वरचा रकाना मात्र व्यक्तीच्या नावाचा.

हे ध्यानात आलं ते फॉर्म भरून पाहताना. 'दिनांक'च्या पुढे तारीख टाकली, ती निमूट घेतली गेली, कारण नावाच्या रकान्याला काहीही चालतं. पुढे 'यांना'च्या आधी नाव टाकलं तेव्हा मात्र चुकीच्या तारखेचा इशारा आला, कारण त्या रकान्याला तारखेच्या मांडणीची अट लावलेली होती. ही अट नसती तर मला काहीच कळलं नसतं. आयोजकांच्या तक्त्यात मुलाला नेणाऱ्या माणसाच्या जागी तारखा आल्या असत्या. मुलं कोणाच्या हाती सोपवायची याची ती यादी, त्यामुळे हा विचार मनातून बराच वेळ गेला नाही.

दोन रकाने उचलून एकमेकांच्या जागी ठेवणं हा एक उपाय होता आणि तो मी करूनही पाहिला. पण वाक्यातल्या रिकाम्या जागांची मराठीत आणखी एक अडचण आहे. विभक्ती शब्दाला चिकटते. रिकाम्या जागेनंतर 'ला' किंवा 'ने' लिहिलं की भरणाऱ्याने नावाचं सामान्यरूप करायचं की नाही हा प्रश्न उभा राहतो. 'यांना', 'यांनी' वापरून सुटका होते, पण सगळीकडे नाही. शिवाय टॅब दाबत पुढे जाणाऱ्याचा कर्सर जुन्याच क्रमाने उड्या मारतो, तो क्रम वेगळा नीट करावा लागतो. शेवटी मी वाक्य मोडलं. वर तीन ओळी, मूळ क्रमानेच: 'परवानगी देणाऱ्या पालकांचे नाव', 'शिबिरातून नेणाऱ्या व्यक्तीचे नाव', 'परवानगी कोणत्या तारखेपर्यंत'. त्यांच्याखाली रिकाम्या जागा नसलेलं एक वाक्य: "वरील व्यक्तीने माझ्या पाल्याला शिबिरातून नेण्यास माझी परवानगी आहे." संमतीचा मजकूर असल्यामुळे आयोजकांकडून तो लेखी मंजूर करून घेतला. वाक्यात रकाने असलेला फॉर्म आला की आता मी आधी वाक्य मोडता येईल का हेच विचारते.

नावाच्या रांगेतही हाच सापळा होता, फक्त इशारा देणारी अट नव्हती. इंग्रजीत आधी नाव आणि शेवटी आडनाव. मी सवयीने 'आडनाव' आधी लिहिलं आणि रकाने होते तसेच राहिले. भरताना सगळं बरोबर दिसतं. चूक फक्त बाहेर काढलेल्या माहितीत दिसते, तिथे `first_name`मध्ये आडनाव असतं.

चौकटींची गोष्ट वेगळी, आणि मला वाटतं इथेच अनुवादकाचा हात सगळ्यात जास्त चुकतो. प्रत्येक चौकटीला नावाबरोबर एक एक्स्पोर्ट व्हॅल्यू असते, म्हणजे खूण केल्यावर जो शब्द साठवला जातो तो. या फॉर्ममध्ये तो बहुतेक ठिकाणी `Yes` होता. खूण नसेल तर `Off`. गुणधर्मांच्या खिडकीत हा इंग्रजी शब्द दिसला की तो राहून गेलेला मजकूर वाटतो. मीही पहिल्या दिवशी दोन-तीन ठिकाणी 'होय' करून टाकलं. त्यानंतर 'अ‍ॅलर्जी आहे' या चौकटीवर खूण केली की खाली तपशिलाचा रकाना उघडायचा, तो उघडेनासा झाला. त्यामागची स्क्रिप्ट अशी होती:

```javascript
this.getField("allergy_detail").display =
  (this.getField("allergy").value == "Yes")
    ? display.visible : display.hidden;
```

स्क्रिप्ट `Yes` शोधत होती आणि चौकट 'होय' सांगत होती. इशारा नाही, चुकीचा संदेश नाही. खूण होते, रकाना मात्र लपलेलाच राहतो. पालकाला वाटणार, तपशील द्यायचा नसेल.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. 'मदत किती वेळा लागते' या प्रश्नाला गोल बटणं होती, ज्यांतलं एकच निवडता येतं. अशा गटातल्या सगळ्या बटणांचं नाव एकच असतं, इथे `help_freq`, आणि फरक फक्त व्हॅल्यूचा असतो: `Rarely`, `Occasionally`, `Often`, `Always`. पहिल्या दोन्हींसाठी मी घाईत 'क्वचित' लिहिलं होतं, लेबलातही आणि व्हॅल्यूतही. एका बटणावर क्लिक केलं आणि दोन बटणं भरली. नाव एक आणि व्हॅल्यूही एक असलेली बटणं एकत्रच भरावीत हा पर्याय या गटाला लावलेला होता, म्हणजे फॉर्मच्या हिशेबी ती एकच निवड झाली होती. लेबलं 'क्वचित' आणि 'अधूनमधून' अशी सुधारली, व्हॅल्यू मूळ इंग्रजी केल्या आणि बटणं पुन्हा वेगळी झाली. तेव्हापासून नियम ठरला: रकान्याचं नाव आणि एक्स्पोर्ट व्हॅल्यू यांना हात लावायचा नाही. खाली उघडणाऱ्या यादीतही तेच. तिथे दिसणारा शब्द आणि साठणारा शब्द वेगळे ठेवता येतात, त्यातला दिसणारा तेवढा मराठी करायचा.

चौकटीशेजारच्या वाक्यांबद्दल एक भाषेची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्रजीत 'I understand' सगळ्यांना चालतं. मराठीत 'मी समजतो' लिहिलं की आईने खूण करायची पंचाईत, आणि 'समजतो/समजते' अशा तिरप्या रेघांनी अख्खं पान भरलं की वाचवत नाही. वाट मराठीतच आहे. 'मी सूचना वाचल्या आहेत' इथे क्रियापद सूचनांप्रमाणे चालतं, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. 'मी बदल कळवीन' हा भविष्यकाळ बाई-पुरुष दोघांनाही सारखाच. 'मला मान्य आहे', 'माझी संमती आहे' तर आहेतच. एकवीस चौकटींपैकी एकाही ठिकाणी मला तिरपी रेघ लागली नाही.

पानावरचा मजकूर आणि चौकटी झाल्या तरी एक थर बाकी होता, जो डोळ्यांना दिसतच नाही. प्रत्येक रकान्याला टूलटिप असते, माउस वर नेला की दिसणारी छोटी सूचना. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला रकान्यावर पोचल्यावर हीच ऐकू येते, शेजारचं छापलेलं लेबल नाही. म्हणजे पान पूर्ण मराठी आणि रकाना मात्र कानात इंग्रजी बोलणार. सगळ्या टूलटिप एकत्र पाहण्यासाठी अ‍ॅक्रोबॅटच्या जावास्क्रिप्ट कन्सोलमध्ये, जो `Ctrl+J`ने उघडतो, हे चालवलं:

```javascript
for (var i = 0; i < this.numFields; i++) {
  var f = this.getField(this.getNthFieldName(i));
  console.println([f.name, f.type, f.userName].join("\t"));
}
```

यातलं `userName` म्हणजे टूलटिप. आलेली यादी तक्त्यात घेऊन शेजारी मराठी लिहिलं. लिहिताना ध्यानात आलं की लेबल जसंच्या तसं चिकटवून भागत नाही. पानावर 'होय' पुरतं, कारण प्रश्न शेजारी दिसतो. ऐकणाऱ्याला नुसतं 'होय' ऐकून काय कळणार? म्हणून तिथे 'मुलाला दमा आहे का: होय' असं पूर्ण लिहिलं. रकाने ६३च होते, त्यामुळे गुणधर्मांच्या खिडकीतून एकेक हाताने भरले. त्यानंतर `Document Properties`मध्ये भाषा इंग्रजीवरून `mr` केली, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जाऊ शकतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर एकदा डोळे मिटून पूर्ण फॉर्म भरला. दोन टूलटिप एकमेकींच्या जागी गेल्या होत्या, त्या तिथेच सापडल्या.

स्क्रिप्टमधले इशारेही मजकूरच असतात. तारीख चुकली की येणारं वाक्य पानावर कुठेही नसतं, ते स्क्रिप्टमधल्या `app.alert`मध्ये दडलेलं असतं. असे तीन निघाले. अवतरणचिन्हांतला मजकूर तेवढा बदलला.

मग मराठीत टाइप करून पाहिलं. लेबलं मराठी झाली म्हणजे रकान्यात मराठी लिहिता येईल असं नाही, कारण रकान्याचा स्वतःचा फाँट असतो आणि तो इथे हेल्वेटिका होता. त्यात देवनागरी नाही. काही प्रोग्राम गुपचूप दुसरा फाँट घेतात आणि काम भागवतात, काही रिकामे चौकोन दाखवतात. सगळ्यात फसवा प्रकार तिसरा: अक्षरं दिसतात पण जुळत नाहीत. 'शिबिर' लिहिलं की वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं हलंत चिन्हासकट सुटी पडतात. म्हणून तपासायला नावं घ्यावीत 'क्षितिजा' आणि 'कीर्ती'सारखी, ज्यांत मिळून जोडाक्षर, पहिली वेलांटी, रफार हे सगळं येतं. 'रमा' लिहून तपासलं तर काहीच कळत नाही. मी रकान्यांना नोटो सान्स देवनागरी लावला आणि फाइलमध्ये पूर्ण फाँट बसवला. फक्त वापरलेली अक्षरं बसवली तर भरणाऱ्याने नवं अक्षर टाइप केल्यावर ते सापडत नाही. तरीही सुटी अक्षरं दाखवणारे प्रोग्राम राहिलेच, कारण अक्षरं जुळवण्याचं काम फाँट एकटा करत नाही, फॉर्म उघडणाऱ्या प्रोग्रामलाही ते यावं लागतं. म्हणून पहिल्या पानावर फॉर्म कशात उघडावा याची एक ओळ टाकली. रकान्यांची उंचीही १४ पॉइंटवरून १८ केली, कारण वरचा रफार आणि खालचा उकार कापले जात होते.

एका जागी मात्र माघार घेतली. नावासाठी मूळ फॉर्ममध्ये एका अक्षराला एक घर अशी २० घरं होती. इंग्रजीला ते ठीक. देवनागरीत 'क्षितिजा' आपल्याला तीन अक्षरं वाटतात, पण संगणक त्यात आठ चिन्हं मोजतो: क, हलंत, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, काना. घरं पाडली की ही चिन्हं वेगवेगळ्या घरांत विखुरतात आणि २०ची मर्यादाही लवकर संपते. तो रकाना मी साधा, घरं नसलेला केला आणि मर्यादा काढली. फोन नंबरची घरं ठेवली, पण सूचनेत 'अंक 0 ते 9 असे इंग्रजीत लिहावेत' हे घातलं. संख्येची अट असलेले रकाने '५' घेत नाहीत. सूचना नसेल तर माणसाला कीबोर्ड बिघडला असं वाटतं.

फॉर्म सोपवण्याआधी एक तपासणी केली आणि तिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. मूळ इंग्रजी फॉर्म एका काल्पनिक मुलाच्या माहितीने भरला. मग मूळ फॉर्म न पाहता, फक्त मराठी लेबलं वाचून, तीच माहिती मराठी फॉर्ममध्ये भरली. नावं दोन्हीकडे रोमन लिपीत ठेवली, म्हणजे तुलना सोपी होते. दोन्हींतून `Export Data` करून एक्सएफडीएफ फाइली काढल्या. ती साधी मजकुराची फाइल असते:

```xml
<field name="allergy">
  <value>Yes</value>
</field>
```

दोन फाइली शेजारी ठेवून फरक पाहिला. फाइलीचं नाव आणि तिची ओळख सांगणाऱ्या ओळी वेगळ्या असणारच, बाकी ओळन् ओळ जुळायला हवी. पहिल्या वेळी तीन फरक निघाले. दोन त्या नाव-आडनावाचे होते, ते मी तोवर सुधारलेच नव्हते. तिसरा होता एका चौकटीचा, तिची व्हॅल्यू अजून 'होय'च राहिली होती. तिन्ही दुरुस्त करून पुन्हा सगळं भरलं, पुन्हा काढलं. या वेळी फरक नव्हता.

अ‍ॅलर्जीच्या त्या लपणाऱ्या रकान्याचं काम मात्र तेवढ्यावर संपलं नाही. आयोजकांपैकी एका ताईंनी फॉर्म फोनवर उघडला आणि म्हणाल्या, "खूण केली, पण खाली काहीच उघडत नाही." व्हॅल्यू बरोबर होती. त्यांच्या फोनवरचा प्रोग्राम स्क्रिप्ट चालवतच नव्हता. मूळ इंग्रजी फॉर्मही त्यांच्या फोनवर तसाच वागत होता, फक्त कोणी सांगितलं नव्हतं. मी तो रकाना कायम दिसणारा केला, शेजारी 'अ‍ॅलर्जी असल्यास कशाची, ते लिहा' असं लेबल दिलं आणि ती स्क्रिप्ट काढून टाकली. ताईंनी इंग्रजी फॉर्ममध्येही तसंच करून द्यायला सांगितलं, ते त्याच दिवशी केलं.